नेटची उपसाबंदी

आमच्या सोसायटीत लिफ्टशेजारच्या फळ्यावर गेल्या महिन्यात सचिवांची एक नोटीस लागली. सोसायटीची इंटरनेट लाइन सामाईक असल्याने संध्याकाळी ७ ते रात्री ११ या वेळेत कोणीही मोठे डाउनलोड, गेम किंवा मोबाइल-लॅपटॉपचे अपडेट करू नयेत. फारच गरज असेल तर ए विंगने सोमवार, बुधवार, शुक्रवारी आणि बी विंगने मंगळवार, गुरुवार, शनिवारी करावेत. शेवटची ओळ अशी, की सूचना न पाळणाऱ्या फ्लॅटचे कनेक्शन बंद करण्यात येईल.

आमच्याकडे २४ फ्लॅट आहेत. सोसायटीच्या नावावर एकच लाइन घेतली आहे. ती खाली २०० एमबीपीएस आणि वर ४० एमबीपीएस आहे, म्हणजे नेटवरून घरात येणाऱ्या माहितीला २०० आणि घरातून बाहेर जाणाऱ्या माहितीला ४०. खर्च मेंटेनन्समधून भागतो. प्रत्येक घरी स्वतंत्र कनेक्शन घेण्यापेक्षा हे स्वस्त पडतं, म्हणून सर्वसाधारण सभेत सगळ्यांनी एकमताने ठरवलं होतं. सचिवांचा हेतू चांगलाच आहे याबद्दल माझ्या मनात शंका नाही. रोज रात्री नऊच्या सुमारास त्यांचा फोन वाजायला लागतो आणि पलीकडून "नेट गंडलंय" एवढंच ऐकू येतं. पण गेली वीस वर्षं कोल्हापुरातल्या कचेऱ्यांमधली नेटवर्कं सांभाळण्यात गेली आहेत, त्या अनुभवावरून मला हे सांगणं भाग आहे: ही नोटीस चुकीच्या माणसांना उद्देशून आहे, आणि जे काम राउटरने करायचं ते ती रहिवाशांवर टाकते.

अशी नोटीस आपल्याला पटकन पटते, त्याला कारण आहे. पाऊस लांबला की पाटबंधारे खातं नदीकाठच्या पंपांवर उपसाबंदी लावतं. अमुक दिवस उपसा बंद, अमुक दिवस चालू. ज्यांच्या घरात ऊस आहे त्यांना या पाळ्या तोंडपाठ असतात. शहरातही आज वरच्या भागाला पाणी, उद्या खालच्या भागाला, हे आपण ऐकत मोठे झालो. थोडं असेल ते पाळीपाळीने वापरायचं, हे आपल्या अंगवळणी पडलेलं आहे आणि पाण्याच्या बाबतीत ते शंभर टक्के बरोबर आहे. आज पंप बंद ठेवला तर बंधाऱ्यातलं पाणी उद्याला राहतं.

नेटचं तसं नाही. रात्री साडेआठ वाजता लाइनमधली १०० एमबीपीएस जागा रिकामी असेल आणि ती कुणी वापरली नाही, तर ती साठून राहत नाही. तो सेकंद गेला की ती जागाही गेली. साडेनऊला गर्दी झाली तर साडेआठची बचत तिथे कामाला येत नाही. म्हणजे मंगळवारी ए विंगने अपडेट केले नाहीत म्हणून बुधवारी कुणालाच काही जास्त मिळत नाही. मंगळवारीसुद्धा ज्या मिनिटांत लाइन खरोखर भरलेली होती, तेवढ्याच मिनिटांत त्या संयमाचा उपयोग झाला. बाकीचा वेळ लोकांनी उगाच कळ काढली. चार तासांची सरसकट बंदी हा उपाय म्हणून फार महाग आहे, आणि गर्दी नेमकी कशाची आहे ते न बघता लावली तर तिचा उपयोगही होत नाही. आमच्याकडे नेमकं हेच झालं.

नोटीस लागून दहा दिवस झाले तरी तक्रारी थांबल्या नाहीत. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी संध्याकाळी ऑनलाइन गणिताची शिकवणी घेतात. आठनंतर त्यांचा आवाज तुटायला लागायचा आणि मुलं "मॅडम, ऐकू येत नाही" म्हणायची. संशय होता चौथ्या मजल्यावरच्या नववीतल्या मुलावर, कारण त्याने सुट्टीत नवा गेम घेतल्याचं सगळ्यांना माहीत होतं. त्याच्या आईला जिन्यात दोघांनी बोलूनही दाखवलं होतं. मला ते फार लागलं. एका शुक्रवारी मी वहिनींच्या हॉलमध्ये माझा लॅपटॉप घेऊन बसलो. वहिनींची शिकवणी चालू होती. मी लॅपटॉपवर विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या उघडून दोन ओळी टाइप केल्या.

```
ping -n 50 192.168.1.1
ping -n 50 8.8.8.8
```

पहिली ओळ घरातल्या राउटरला हाक मारते आणि ओ यायला किती वेळ लागला ते मिलिसेकंदांत दाखवते. दुसरी तशीच हाक बाहेर, इंटरनेटवरच्या एका सर्व्हरला मारते. घरातल्या वायफायमध्येच गोंधळ असेल तर पहिलाच आकडा वरखाली नाचतो. लाइनमध्ये गोंधळ असेल तर पहिला शांत राहतो आणि दुसरा चढतो. वहिनींच्या घरात पहिला आकडा २-३ वर स्थिर होता. दुसरा, जो सकाळी १५ च्या आसपास असतो, तो ६२०, ६५५, ६४० असा चालला होता. अर्ध्या सेकंदाहून जास्त. समोरच्याने प्रश्न विचारला आणि तो पोचायलाच अर्धा सेकंद लागला, तर दोघं एकाच वेळी बोलायला लागतात, मग दोघं एकाच वेळी थांबतात. शिकवणीत नेमकं तेच चाललं होतं.

सचिवांना बोलावून घेतलं आणि खाली मीटर रूममध्ये सामाईक राउटरचं पान उघडून बघितलं. खाली येणारा ओघ जेमतेम ७०. म्हणजे २०० पैकी १३० रिकामे. त्या मुलाचा फ्लॅट जवळजवळ काहीच खेचत नव्हता, बिचारा नोटीस पाळत होता. पण वर जाणारा ओघ ४० पैकी ३९ वर खिळून बसला होता, आणि तो सगळा एकाच फ्लॅटमधून येत होता. ते घर एका फोटोग्राफरचं. त्याने आदल्या दिवशीच्या लग्नाचे ६० जीबी व्हिडिओ लॅपटॉपवर उतरवले होते आणि लॅपटॉपने ते आपणहून क्लाउडवर चढवायला घेतले होते. ६० जीबी वर जायला ४० एमबीपीएसने ३ तास २० मिनिटं लागतात. आठला सुरू झालं की साडेअकरापर्यंत. लग्नसराई असल्याने हे आठवड्यातून तीनदा चालू होतं. त्याला विचारलं तर तो मनापासून चकित झाला. म्हणाला, "नोटिशीत डाउनलोड लिहिलंय. मी तर अपलोड करतोय की!"

त्याचं काहीच चुकलं नव्हतं. नोटिशीने जे सांगितलं ते त्याने पाळलं होतं. नोटिशीलाच दुखणं माहीत नव्हतं.

आता कुणी विचारेल, खाली १३० रिकामे असताना वर जाणाऱ्या व्हिडिओने वहिनींची शिकवणी का तुटावी? ही गोष्ट समजली की बाकीचं सगळं समजतं. लाइन ४० ची आणि लॅपटॉप तिच्यात त्याहून वेगाने माहिती ओततोय, तर उरलेली माहिती कुठेतरी थांबणार. ती थांबते लाइनच्या तोंडाशी असलेल्या कंपनीच्या पेटीत, छोट्या छोट्या पाकिटांची रांग लावून. ४० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला ४० मेगाबिट, आठ बिटांचा एक बाइट धरून ५ एमबी. त्या पेटीत ३ एमबीची रांग धरायची सोय असेल, तर रांगेच्या शेवटी उभ्या राहिलेल्या प्रत्येक पाकिटाला ०.६ सेकंद थांबावं लागतं. आम्हाला दिसलेले सहाशेच्या वरचे आकडे ते हेच. आणि या रांगेत मोठा-लहान असा भेद नसतो. व्हिडिओची हजारो पाकिटं पुढे उभी आणि वहिनींच्या आवाजाचं एक चिमुकलं पाकीट त्यांच्या मागे.

दुसरी गोष्ट अशी, की आपण काहीही डाउनलोड करतो तेव्हा आपल्या बाजूने सतत पोचपावत्या वर जात असतात. "इथवर मिळालं, पुढचं पाठव." या पोचपावत्यासुद्धा त्याच रांगेत अडकतात. त्या उशिरा पोचल्या की समोरचा सर्व्हर हात आखडता घेतो आणि रिकामी असलेली खालची लाइनही मंद वाटायला लागते. म्हणूनच त्या दिवसांत साध्या बातम्यांचं पान उघडायलासुद्धा चार-पाच सेकंद लागत होते. लोक म्हणायचे, कुणीतरी सगळं नेट खातोय. खरं तर नेट कुणी खात नव्हतं, ते रांगेत उभं होतं.

अशी गर्दी इंटरनेटला नवी नाही. ऑक्टोबर १९८६ मध्ये अमेरिकेत बर्कलीच्या प्रयोगशाळेपासून तिथल्याच विद्यापीठापर्यंतची लाइन, अंतर अवघं ४०० यार्ड, सेकंदाला ३२,००० बिट्सवरून ४० बिट्सवर आली. ८०० पट घसरण. त्या वेळी इंटरनेट वापरणारे आजच्या मानाने मोजके होते. पाळ्या लावणं अगदी शक्य होतं. पण त्यांनी तो मार्ग धरला नाही. व्हॅन जेकबसन यांनी कारण शोधलं आणि १९८८ मध्ये मायकेल केरल्स यांच्यासोबत उपाय मांडला. पाकीट हरवलं याचा अर्थ पुढे गर्दी आहे असा घ्यायचा आणि पाठवणाऱ्या संगणकाने आपणहून वेग कमी करायचा, मग हळूहळू वाढवत न्यायचा. आज आपला प्रत्येक फोन ही शिस्त पाळतो, आपल्याला न विचारता.

पुढे मेमरी स्वस्त झाली तशा पेट्यांमधल्या रांगा लांबत गेल्या. पाकीट हरवेचना, नुसतं थांबायला लागलं, आणि वेग कमी करायचा इशारा संगणकापर्यंत उशिरा पोचायला लागला. आमच्या मीटर रूममध्ये घडलं ते हेच. त्यावरही २०१२ मध्ये त्याच जेकबसन यांनी कॅथलीन निकोल्स यांच्यासोबत उपाय दिला: रांग किती लांब आहे ते न बघता पाकीट रांगेत किती वेळ उभं आहे ते बघायचं, आणि तो वेळ वाढायला लागला की लगेच इशारा द्यायचा. याच विचारावर पुढे रांगा वेगवेगळ्या करणाऱ्या पद्धती आल्या. त्यातली `cake` नावाची एक २०१८ पासून लिनक्समध्येच आहे आणि ती चालवायला काही हजार रुपयांचा राउटर पुरतो.

सचिवांच्या परवानगीने पुढच्या शुक्रवारी मी माझ्याकडचा एक राउटर मीटर रूममध्ये लावला. त्यावर OpenWrt ही लिनक्सवर आधारलेली प्रणाली आहे. `/etc/config/sqm` या फाइलमध्ये एवढंच लिहिलं:

```
config queue 'wan'
  option enabled '1'
  option interface 'wan'
  option download '185000'
  option upload '36000'
  option qdisc 'cake'
  option script 'piece_of_cake.qos'
  option qdisc_advanced '1'
  option qdisc_really_really_advanced '1'
  option iqdisc_opts 'nat dual-dsthost'
  option eqdisc_opts 'nat dual-srchost'
```

यातल्या दोन गोष्टी सांगण्यासारख्या आहेत. पहिली, वेग मुद्दाम कमी लिहिला आहे. वर ४० ऐवजी ३६, खाली २०० ऐवजी १८५. आपल्या राउटरनेच ३६ ला हात राखला की कंपनीच्या पेटीत रांग लागतच नाही, ती आपल्या राउटरमध्ये लागते. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यात बरगे काढायचे-घालायचे आपल्या हातात असतात म्हणून पाणी आपल्या हुकमात राहतं, तसंच हे. रांग कुठेतरी लागणारच असेल तर ती जिथे आपलं चालतं तिथे लागावी. त्यासाठी दहा टक्क्यांपर्यंत वेग सोडावा लागतो, ही किंमत मला अजिबात जास्त वाटत नाही.

दुसरी गोष्ट शेवटच्या दोन ओळींमधली, आणि सोसायटीच्या दृष्टीने तीच खरी महत्त्वाची. साधा राउटर लाइनची वाटणी कनेक्शनच्या हिशोबाने होऊ देतो. गेम उतरवणारा प्रोग्रॅम एकदम वीस कनेक्शनं उघडतो, वहिनींच्या शिकवणीचं एकच असतं. भरलेल्या लाइनमध्ये वाटणी मग वीसास एक अशी पडते, आणि हे कुणी दांडगाईने करत नसतं, प्रोग्रॅमच तसा लिहिलेला असतो. `dual-dsthost` आणि `dual-srchost` या शब्दांनी राउटरला सांगितलं, की वाटणी यंत्राच्या पत्त्यानुसार कर. आमच्याकडे प्रत्येक घराचा स्वतःचा छोटा राउटर आहे, त्यामुळे सामाईक राउटरला एक फ्लॅट म्हणजे एकच पत्ता दिसतो. घरात दोन फोन असोत की अकरा उपकरणं, फ्लॅटला एक वाटा. ज्याला आपला वाटा नको त्याचा उरलेला भाग ज्याला हवा त्याला त्याच क्षणी मिळतो आणि पहिल्याने परत मागितला की त्याच क्षणी परत जातो. पाळी इथेही आहे, पण ती विंगनुसार आणि वारानुसार न लागता सेकंदाच्या हजाराव्या भागात लागते, आणि गर्दी असेल तेव्हाच.

त्या शुक्रवारी फोटोग्राफरला आम्ही मुद्दाम सांगितलं, की आज बिनधास्त चढव. नववीतल्या मुलालाही सांगितलं, की तुझा गेम उतरवायला लाव. तो गेम ९० जीबीचा. एकट्याला अख्खी २०० ची लाइन मिळाली असती तर एका तासात आला असता. त्या रात्री त्याला दोन तासांपेक्षा थोडा जास्त वेळ लागला. फोटोग्राफरचे ६० जीबी ३ तास २० मिनिटांऐवजी पावणेचार तासांनी पोचले. आणि वहिनींच्या हॉलमधला दुसरा आकडा रात्रभर १६ ते २८ च्या मध्ये राहिला. साडेनऊला शिकवणी संपवून त्या बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "आज एकानंही 'ऐकू येत नाही' म्हटलं नाही." बंदी कुणावरच नव्हती. त्या एका संध्याकाळी या लाइनवरून आधीच्या कुठल्याही संध्याकाळीपेक्षा जास्त माहिती गेली असेल.

या उपायाच्या मर्यादाही आहेत. राउटर लाइन वाटून देतो, वाढवत नाही. चोवीसच्या चोवीस घरांनी एकाच वेळी साधा एचडी सिनेमा लावला, त्याला ५ एमबीपीएस धरले, तर १२० होतात आणि आरामात बसतात. पण सगळ्यांनी फोर-के लावलं, त्याला १५ धरले, तर ३६० लागतील. तेवढी लाइन आपल्याकडे नाही. तसं रोज होत असेल तर मोठा प्लॅन घ्यावा लागेल, दुसरा इलाज नाही. वायफायचा त्रासही यातून जात नाही. राउटर कपाटात मागे ठेवलाय, शेजारपाजारच्या आठ घरांचे राउटर एकाच चॅनेलवर ओरडताहेत, अशा घरात पहिलाच आकडा नाचेल आणि तिथे सामाईक राउटर काही करू शकत नाही. जुने स्वस्त राउटर तर २०० चा वेग तपासत वाटू शकत नाहीत, त्यांच्या प्रोसेसरची दमछाक होते आणि ९०-१०० वरच अडकतात. आणि कंपनीच्या बाजूलाच संध्याकाळी गर्दी असेल, २०० ऐवजी १२० च येत असतील, तर आपण १८५ लिहून काही होत नाही, रांग पुन्हा त्यांच्या पेटीत जाते. म्हणून राउटर लावण्याआधी आठवडाभर रात्री नऊला एकच लॅपटॉप वायरने जोडून, बाकी सगळं थोडा वेळ थांबवून वेग मोजला पाहिजे. तो सतत कमी येत असेल तर ती नोंद घेऊन कंपनीशी भांडायला सचिवांसोबत मी येईन.

सचिवांचं म्हणणं मी नीट ऐकून घेतलं. त्यांचा मुद्दा असा, की नोटिशीला खर्च नाही, राउटरला आहे, आणि शिवाय ते सगळ्यांना समजत नाही. पण नोटिशीचा खर्च कुणाच्या खिशातून जातो ते बघायला हवं. आमच्याकडे तीन घरांतले लोक शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत जातात. ते सात-साडेसातला घरी येतात आणि सकाळी सातला निघतात. फोन अपडेट करायचा, गावाकडच्या आईला व्हिडिओवर बघायचं, पोराचा प्रोजेक्ट उतरवायचा, सगळं त्यांना याच चार तासांत करायचं असतं. घरून काम करणाऱ्याला ही बंदी जाणवणारसुद्धा नाही, तो दुपारी तीनला सगळं उरकून घेईल. सगळ्यांना सारखा दिसणारा हा नियम ज्यांच्याकडे वेळ सगळ्यात कमी आहे त्यांच्यावरच पडतो. मेंटेनन्स मात्र सगळे सारखाच भरतात.

अपडेट करू नका, हे सांगणं तर मला धोक्याचं वाटतं. फोनचे आणि लॅपटॉपचे बरेचसे अपडेट सुरक्षेतली भोकं बुजवण्यासाठी असतात. संध्याकाळी "नंतर" वर बोट ठेवलेला माणूस रात्री साडेअकराला आठवणीने उठून अपडेट करत नाही. तो आठवडे तसाच राहतो आणि त्याच फोनवर त्याचं बँकेचं ॲप असतं. शिवाय हिशोब तर करून बघा. २ जीबीचा अपडेट २०० च्या लाइनवर दीड मिनिटाच्या आत उतरतो. सोसायटीतले पन्नास फोन एकाच संध्याकाळी अपडेट झाले तरी सगळं मिळून तासाभराचं काम आहे, आणि वाटणी नीट असेल तर ते कुणाला कळणारही नाही.

आणि ती शेवटची ओळ, कनेक्शन बंद करण्याची. ती अमलात आणायची तर कोण काय उतरवतंय ते कुणीतरी बघत बसलं पाहिजे. मी त्या शुक्रवारी राउटरचं पान उघडलं तेव्हा कोणता फ्लॅट किती माहिती पाठवतोय एवढंच बघितलं, तेही सचिवांच्या समोर आणि बिघाड शोधण्यापुरतं. रोज कुणी ते बघायला लागलं, तर कोणाच्या घरात रात्री किती वाजेपर्यंत काय चालतं याची चर्चा जिन्यात व्हायला वेळ लागणार नाही. आधीच एका निरपराध मुलाच्या आईला ऐकून घ्यावं लागलं आहे. शिक्षेचा अधिकार सर्वसाधारण सभेचा आहे, एका नोटिशीचा नाही, हेही लक्षात ठेवायला हवं.

याचा अर्थ लोकांना काहीच विनंती करू नये असा नाही. मार्च २०२० मध्ये लॉकडाउन लागला तेव्हा देशभरच्या मोबाइल नेटवर्कवर ताण आला. त्या वेळी व्हिडिओ दाखवणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी एकत्र येऊन मोबाइलवरचं चित्र १४ एप्रिलपर्यंत ४८० पी पर्यंत उतरवायचं ठरवलं. कोट्यवधी माणसांना सिनेमा बघू नका म्हणण्यापेक्षा मोजक्या ठिकाणची कळ फिरवली गेली, आणि तीही ठरावीक मुदतीपुरती. आमच्या सोसायटीतही अशा मोजक्या जागा आहेत. फोटोग्राफरचा बॅकअप ही एक. त्याच्या प्रोग्रॅममध्ये रात्री बारानंतर सुरू कर असं एकदा सांगून ठेवलं की झालं, आणि त्याने ते आनंदाने केलंसुद्धा. दुसरी जागा लॅपटॉपची. विंडोजचे महिन्याचे अपडेट दुसऱ्या मंगळवारी निघतात, आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेदहा किंवा हिवाळ्यात साडेअकरा वाजलेले असतात. बहुतेकांचे लॅपटॉप तोवर बंद झालेले असतात, म्हणून ती गर्दी बुधवारी संध्याकाळी उगवते. मंगळवारी रात्री लॅपटॉप चार्जिंगला लावून चालू ठेवा, ही विनंती महिन्यातून एकदाच करावी लागते आणि ती कुणाला जड जात नाही. गेमच्या काही ऑनलाइन दुकानांमध्ये तर ठरावीक वेळेतच अपडेट करायची सोय दिलेलीच असते. नववीतल्या त्या मुलाने मला ती दोन मिनिटांत शोधून दाखवली.

येत्या रविवारी सर्वसाधारण सभा आहे. तिच्यापुढे मी तीन गोष्टी मांडणार आहे. सामाईक राउटर बदलावा आणि त्याचा खर्च २४ घरांत वाटून घ्यावा, म्हणजे घरटी काहीशे रुपये पडतील. रात्री नऊचे दोन आकडे, पिंग आणि वेग, आठवड्यातून एकदा मोजून फळ्यावर लावावेत, ते काम मी वर्षभर करीन. आणि आताची नोटीस काढून तिच्या जागी ही लावावी:

"रहिवाशांना विनंती: क्लाउडवर मोठे बॅकअप शक्यतो रात्री १२ नंतर लावावेत. महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी रात्री लॅपटॉप चालू ठेवावा. फोनचे अपडेट आले की लगेच करावेत, त्यासाठी वेळेचे बंधन नाही. नेट मंद वाटल्यास कोणाला दोष देण्यापूर्वी फळ्यावरचे दोन आकडे तपासून सचिवांना कळवावे."

चौथ्या मजल्यावरच्या त्या ताईंची जिन्यात बोलणाऱ्या दोघांनी सभेत माफी मागावी, असंही मी सुचवणार आहे. ते कुठल्या ठरावात बसत नाही, पण ते आधी व्हायला हवं.